कृत्रिम आवाजातील विराम, जोर आणि वेग: एसएसएमएल टॅगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्नोत्तरांमध्ये एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे: धरणातून पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना फोनवरून ऐकवली जाणारी मराठी सूचना. अशी सूचना श्रोता बहुधा एकदाच ऐकतो. तो शेतात किंवा रस्त्यावर असतो आणि वाक्य पुन्हा वाचून पाहण्याची सोय त्याला नसते. त्यामुळे विराम चुकला किंवा वेग जास्त झाला तर अर्थच हातातून निसटतो.

## एसएसएमएल म्हणजे नेमके काय आणि साध्या मजकुरापेक्षा त्यात वेगळे काय असते?

एसएसएमएल ही एक्सएमएलच्या धर्तीवरची खुणांची भाषा आहे. मजकूर कसा उच्चारावा याच्या सूचना तिच्यातून टीटीएस इंजिनला, म्हणजे लिहिलेला मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला, देता येतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिची १.० ही आवृत्ती २००४ मध्ये आणि १.१ ही आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित केली. साधा मजकूर दिला तर कुठे थांबायचे आणि कशावर जोर द्यायचा हे इंजिन विरामचिन्हे व शब्दक्रम पाहून स्वतः ठरवते, आणि टॅग दिले तर त्या निर्णयात आपल्याला हस्तक्षेप करता येतो. या पानापुरते तीनच टॅग महत्त्वाचे आहेत: विरामासाठी `<break>`, जोरासाठी `<emphasis>` आणि वेगासाठी `<prosody>`.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. डब्ल्यूथ्रीसीचे प्रमाणपत्रक, म्हणजे या भाषेचे नियम सांगणारा दस्तऐवज, एकच असले तरी प्रत्येक सेवा त्यातला आपल्याला जमेल तेवढाच भाग पाळते, आणि काही ठिकाणी एकाच लेखनाचा अर्थ दोन सेवांमध्ये वेगळा होतो. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

## मराठीसाठी हे टॅग कोठे वापरता येतात?

गूगल क्लाउडच्या टीटीएस सेवेत `mr-IN` या भाषाखुणेखाली मराठी आवाज आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझुर सेवेत `mr-IN-AarohiNeural` हा स्त्रीचा आणि `mr-IN-ManoharNeural` हा पुरुषाचा आवाज आहे. इंटरनेटशिवाय आणि विनामूल्य काम करायचे असेल तर ईस्पीक एनजी या मुक्त प्रणालीतही मराठी आहे. तिचा आवाज यांत्रिक वाटतो, परंतु विराम योग्य जागी पडला की नाही हे पाहण्यापुरती ती पुरेशी आहे:

```
espeak-ng -v mr -m -f suchana.xml
```

येथील `-m` हा पर्याय विसरू नये, कारण त्यामुळेच टॅगचा टॅग म्हणून अर्थ लावला जातो.

## टॅग लावायला सुरुवात कोठून करावी?

मजकुरापासूनच करावी. कार्यालयीन सूचना बहुधा अशा स्वरूपात हाती येते:

«आज दुपारी ४ वाजता धरणाच्या सांडव्यातून १०००० क्युसेक पाण्याचा विसर्ग सुरू करण्यात येणार असून नदीकाठच्या ग्रामस्थांना कळविण्यात येते की नदीपात्रात कोणीही उतरू नये व जनावरे, पाण्याचे पंप सुरक्षित ठिकाणी हलवावेत. संपर्क 1077»

हे वाक्य कागदावर चालते, पण कानाला ते पेलत नाही. «येणार असून» आणि «कळविण्यात येते की» या सांध्यांमुळे चार स्वतंत्र गोष्टी एका श्वासात येतात. त्यात कितीही विराम घातले तरी वाक्य संपल्याचा स्वर इंजिन लावत नाही, कारण त्याच्या लेखी वाक्य चालूच असते. आवाज खाली उतरून एक गोष्ट पूर्ण झाल्याची जाणीव श्रोत्याला फक्त पूर्णविरामाजवळ मिळते. म्हणून आधी वाक्ये तोडावीत, आकडे अक्षरांत लिहावेत आणि त्यानंतरच टॅगकडे वळावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक विराम या पहिल्या पायरीवरच आपोआप जागी बसतात.

## मराठी वाक्यात विराम नेमका कोठे द्यावा?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि इंग्रजी उदाहरणे पाहून त्याचे उत्तर सापडत नाही, कारण मराठीत शब्दांचे गट वेगळ्या रीतीने बांधले जातात.

पहिला नियम असा की षष्ठीचे रूप पुढच्या नामापासून तोडू नये. «धरणाच्या» या शब्दानंतर विराम दिला तर श्रोता अर्धवट लटकतो, कारण «-च्या» हा प्रत्यय पुढे काहीतरी येणार असल्याचे सांगत असतो. विराम द्यायचाच असेल तर «धरणाच्या सांडव्यातून» हा पूर्ण गट संपल्यावर द्यावा. हीच गोष्ट «साठी», «पर्यंत», «मुळे» यांसारख्या शब्दयोगी अव्ययांची आहे. ती आधीच्या शब्दाला चिकटलेली असतात, म्हणून विराम त्यांच्यानंतर येतो.

दुसरा नियम क्रियापदाचा आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर येतो. «उतरू नये», «सोडले जाणार आहे», «हलवावे लागतील» हे एकेक अखंड घटक आहेत. एका चाचणीच्या वेळी आमच्याकडे «उतरू» आणि «नये» यांच्यामध्ये, जोर यावा म्हणून, चारशे मिलिसेकंदांचा विराम घातला गेला होता. फोनवर ते ऐकणाऱ्या एका आजोबांना «नदीपात्रात उतरू» एवढेच स्पष्ट कळले. थोडी खरखर झाली आणि «नये» गेले. सूचनेचा अर्थ उलटा झाला होता. तेव्हापासून नकारार्थी क्रियापदाच्या आत कोणताही टॅग घालायचा नाही, हा आमचा पक्का दंडक आहे.

तिसरा नियम जोडशब्दांचा आहे. «की» आणि «तर» यांच्यानंतर थांबावे, आणि «पण» किंवा «मात्र» यांनी नवे वाक्य सुरू होत असेल तर त्यांच्या आधी थांबावे. «पाणी वाढले तर» म्हटल्यावर मराठी माणूस स्वाभाविकपणे क्षणभर थांबतो, «वाढले» म्हटल्यावर नाही. इंजिनला हे नेहमीच कळते असे नाही, म्हणून अशा जागा मोठ्याने वाचून स्वतः तपासाव्यात.

## `<break>` मध्ये `time` वापरावे की `strength`?

`time` मध्ये विरामाची लांबी थेट सांगता येते, उदाहरणार्थ `250ms` किंवा `1s`. `strength` मध्ये `x-weak` पासून `x-strong` पर्यंतच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीची लांबी सेवा ठरवते. अ‍ॅझुरच्या दस्तऐवजांनुसार `weak` म्हणजे ५०० मिलिसेकंद, `medium` म्हणजे ७५० आणि `strong` म्हणजे १००० मिलिसेकंद. काहीच न लिहिता नुसता `<break/>` दिला तर तेथे ७५० मिलिसेकंदांचा विराम पडतो, आणि वाक्याच्या मध्ये तो फारच मोठा वाटतो. सूचनेसारख्या मोजक्या मजकुरासाठी मी नेहमी `time` वापरतो, कारण सेवा बदलली तरी तो आकडा तोच राहतो.

साधारण अंदाजासाठी असे धरावे: वाक्याच्या आत शब्दगटांमध्ये १५० ते ३०० मिलिसेकंद, दोन वाक्यांमध्ये ४०० ते ६००, आणि मथळ्यानंतर किंवा विषय बदलताना ७०० ते १०००. फोनवर एक सेकंदाहून मोठी शांतता टाळावी, कारण कॉल तुटला असे समजून लोक फोन ठेवतात.

`strength="none"` या किमतीचा उपयोग फारसा कोणी करत नाही, तो करून पाहावा. इंजिन नको तेथे थांबत असेल तर त्या जागी ही किंमत देऊन विराम काढण्याची सोय प्रमाणपत्रकात आहे. सर्वच आवाज ती पाळतात असे नाही. न पाळल्यास तेथील स्वल्पविराम काढणे किंवा शब्दक्रम बदलणे हाच उपाय उरतो.

## लिहिलेल्यापेक्षा विराम मोठा का ऐकू येतो?

पूर्णविराम किंवा स्वल्पविराम असेल तेथे इंजिन स्वतःचा विराम घेते, आणि त्याला लागून `<break>` लिहिला तर काही आवाजांमध्ये दोन्हींची बेरीज होते. कानाने अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजून पाहणे सोपे आहे. तयार झालेली फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत उघडावी, आवाजाच्या आलेखात दोन वाक्यांमधला सपाट भाग निवडावा आणि खाली दिसणारा कालावधी वाचावा. आपण ६०० मिलिसेकंद लिहिले असतील आणि मोजमाप ९००च्या आसपास येत असेल, तर फरकाचे ३०० मिलिसेकंद इंजिनचे स्वतःचे आहेत. मग आपला आकडा तेवढा कमी करावा.

अ‍ॅझुरमध्ये सर्व वाक्यांमधले अंतर एकदम नेमके ठरवण्यासाठी वेगळा टॅग आहे. तो `<voice>` च्या लगेच आत लिहावा लागतो आणि `mstts` हे नामावकाश वर घोषित करावे लागते:

```xml
<mstts:silence type="Sentenceboundary-exact"
  value="500ms"/>
```

हा टॅग त्या कंपनीचा स्वतःचा आहे. दुसऱ्या सेवेकडे जाताना तो काढावा लागेल.

## `<emphasis>` लावूनही आवाजात काहीच फरक का पडत नाही?

बहुतेक वेळा कारण असे असते की त्या आवाजाला हा टॅग समजतच नाही. प्रमाणपत्रकात `strong`, `moderate`, `reduced` आणि `none` अशा चार पातळ्या आहेत, पण जोर म्हणजे नक्की काय करायचे हे भाषेवर आणि आवाजावर सोडलेले आहे. अ‍ॅझुरमध्ये हा टॅग इंग्रजीच्या मोजक्याच आवाजांपुरता आहे. ॲमेझॉनच्या पॉली या टीटीएस सेवेतील न्यूरल आवाजांमध्ये तो चालत नाही. अनेकदा टॅग निमूटपणे गाळला जातो, त्रुटीचा संदेश येत नाही आणि काम झाले असा आपला समज होतो. खात्री करण्यासाठी तेच वाक्य एकदा टॅगसह आणि एकदा टॅगशिवाय तयार करून लागोपाठ ऐकावे. कोणता नमुना कोणता हे माहीत नसलेल्या माणसाला दोन्हींतला फरक ओळखता आला नाही, तर टॅग निरुपयोगी आहे असे समजावे.

मराठीच्या बाबतीत मला याची फारशी खंत वाटत नाही. आपल्या भाषेत जोर देण्याची साधने वाक्यातच आहेत. एक साधन म्हणजे «च» आणि «ही» ही अव्यये: «आजच हलवावेत» असे लिहिले की कोणताही आवाज त्या शब्दाला वजन देतो, निदान श्रोत्याला तरी ते वजन कळते. दुसरे साधन म्हणजे शब्दक्रम. मराठीत क्रियापदाच्या अगदी आधीची जागा महत्त्वाची असते. «कोणीही नदीपात्रात उतरू नये» या वाक्यात भर नदीपात्रावर पडतो, तर «नदीपात्रात कोणीही उतरू नये» यात तो «कोणीही»वर येतो. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा उतरू नये असे सांगायचे असेल तर दुसरे वाक्य निवडावे.

एवढे करूनही एखादा शब्द वेगळा उठून दिसायला हवा असेल, तर त्या शब्दाच्या आधी २०० मिलिसेकंदांच्या आसपास विराम द्यावा. शांततेनंतर येणारा शब्द कान आपोआप टिपतो. मात्र एका सूचनेत असे एकदा किंवा दोनदाच करावे.

## वेगासाठी `rate="90%"` लिहिले आणि आवाज धावायला लागला. असे का झाले?

हा या विषयातला सर्वांत फसवा सापळा आहे. एसएसएमएल १.१ नुसार टक्केवारी हा गुणाकार असतो: `100%` म्हणजे मूळ वेग आणि `90%` म्हणजे मूळ वेगाच्या नऊ दशांश. ॲमेझॉन पॉलीही असाच अर्थ लावते. अ‍ॅझुरमध्ये मात्र टक्केवारी म्हणजे मूळ वेगात होणारा बदल. अधिक चिन्ह लिहिणे तेथे ऐच्छिक असल्यामुळे `90%` चा अर्थ «नव्वद टक्के अधिक वेगाने» असा होतो. तेथे दहा टक्के हळू बोलायला लावण्यासाठी `-10%` लिहावे लागते, किंवा टक्क्याच्या चिन्हाशिवाय `0.9`.

`slow`, `fast` असे शब्द वापरून हा घोळ टळतो, पण त्यांची मात्रा आपल्या हातात राहत नाही. अ‍ॅझुरमध्ये `slow` म्हणजे मूळ वेगाच्या सुमारे ०.६४ पट. इतक्या संथ आवाजात शब्द ताणले जातात, शब्दांमधले दुवे सुटतात आणि ऐकणारा कंटाळतो. धोक्याच्या सूचनेसाठी ५ ते १५ टक्के घट पुरते, असे माझे मत आहे. त्याहून अधिक संथपणा हवासा वाटत असेल तर बहुधा वेग नव्हे, विराम कमी पडत असतात.

वेग कमी केल्याने लांबी किती वाढेल याचा हिशेब सोपा आहे: मूळ कालावधीला वेगाच्या पटीने भागावे. २० सेकंदांचे बोलणे ०.९ वेगाने सुमारे २२.२ सेकंद होईल. गूगलमध्ये `<prosody>` शिवाय संपूर्ण विनंतीसाठी `speakingRate` ही वेगळी नोंदही असते. वेग दोन्ही ठिकाणी बदलू नये, कारण नंतर कोणत्या आकड्याचा परिणाम ऐकू येत आहे हे शोधणे कठीण जाते.

वेग वाक्याच्या मध्येच बदलणेही टाळावे. एका शब्दापुरता वेग घटवला तर त्याच्या दोन्ही बाजूंना सांधा ऐकू येतो. पूर्ण वाक्य `<prosody>` मध्ये घेतले की बदल नैसर्गिक वाटतो.

## पूर्ण सूचना टॅगसह कशी दिसेल?

वरील मजकूर तोडून, अक्षरांत आकडे लिहून आणि अ‍ॅझुरच्या आवाजासाठी टॅग लावून तो असा होतो. यातील `<s>` हा टॅग एक वाक्य कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते दाखवतो:

```xml
<speak version="1.0" xml:lang="mr-IN"
 xmlns="http://www.w3.org/2001/10/synthesis">
<voice name="mr-IN-AarohiNeural">
<s>नदीकाठच्या गावांसाठी सूचना.</s>
<break time="800ms"/>
<s>आज दुपारी चार वाजता <break time="250ms"/>
धरणातून पाणी सोडले जाणार आहे.</s>
<s>विसर्ग दहा हजार क्युसेक असेल.</s>
<break time="600ms"/>
<prosody rate="-10%">
<s>नदीपात्रात कोणीही उतरू नये.</s>
</prosody>
<break time="500ms"/>
<s>जनावरे आणि पाण्याचे पंप <break time="200ms"/>
सुरक्षित ठिकाणी हलवावेत.</s>
<break time="600ms"/>
<s>मदतीसाठी क्रमांक <break time="300ms"/>
एक शून्य <break time="250ms"/> सात सात.</s>
</voice>
</speak>
```

हातांनी घातलेल्या विरामांची बेरीज ३.५ सेकंद होते. वेग फक्त एका वाक्यात बदलला आहे, आणि ते वाक्य जीव वाचवणारे आहे. बाकीची वाक्ये मूळ वेगाने जात असल्यामुळेच त्याचा संथपणा जाणवतो. `<emphasis>` कोठेही नाही. क्रमांक अंकी न लिहिता अक्षरी लिहिला आहे, नाहीतर «एक हजार सत्याहत्तर» असे वाचले जाण्याची शक्यता असते. त्यासाठी `<say-as>` हा टॅग आहे खरा, पण त्यात चालणाऱ्या किमती सेवेगणिक बदलतात आणि चार अंकांसाठी अक्षरी लेखन अधिक भरवशाचे ठरते. हाच मजकूर १.१ चा अर्थ पाळणाऱ्या सेवेला द्यायचा असेल, तर आवाजाचे नाव बदलण्याबरोबर `-10%` च्या जागी `90%` लिहावे लागेल.

## सेवा संपूर्ण मजकूरच नाकारते, तेव्हा काय तपासावे?

आधी एक्सएमएल नीट जुळले आहे का ते पाहावे. टॅग एकमेकांना छेदत असतील, म्हणजे `<s>` च्या आत उघडलेला `<prosody>` हा `</s>` नंतर बंद होत असेल, तर मजकूर अवैध ठरतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे मजकुरात आलेले `&` हे चिन्ह. ते `&amp;` असे लिहावे लागते, आणि मराठीत त्याऐवजी सरळ «आणि» लिहिणे उत्तम. विनंती पाठवण्याआधी ही आज्ञा चालवली तर चूक कोणत्या ओळीत आहे ते कळते:

```
xmllint --noout suchana.xml
```

फाइल निर्दोष असूनही नकार आला तर लांबी तपासावी. गूगलच्या नेहमीच्या विनंतीची मर्यादा ५००० बाइट आहे आणि टॅगही त्यात मोजले जातात. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि हलन्तचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. «ण्या» हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात ण, हलन्तचिन्ह, य आणि काना असे चार घटक असल्याने त्याचे १२ बाइट होतात. त्यामुळे इंग्रजीत सहज मावणारी सूचना मराठीत मर्यादेबाहेर जाऊ शकते. तेव्हा मजकूर वाक्याच्या सीमेवर तोडून दोन विनंत्या कराव्यात आणि जोडावर आपल्याला हवी तेवढी शांतता ठेवावी.

## अंतिम तपासणी कशी करावी?

संगणकाच्या हेडफोनवर ऐकून निर्णय घेऊ नये. पारंपरिक फोनवाहिनीवरून आवाजाचा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्यामुळे «स», «श», «फ» यांसारखे वर्ण पुसट होतात आणि हेडफोनवर योग्य वाटलेला वेग फोनवर जास्त वाटतो. सूचना खऱ्या फोनवर, शक्यतो रस्त्याच्या कडेला उभे राहून, मजकूर आधी न वाचलेल्या माणसाला एकदाच ऐकवावी. «कळले का?» असे न विचारता त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी किती वाजता सुटणार, काय करू नये आणि फोन कोणत्या क्रमांकावर करायचा. ज्या प्रश्नाचे उत्तर चुकेल, त्याच्या आधीचा विराम प्रथम वाढवून पाहावा आणि मगच वेगाला हात लावावा.